बाटलीवरचा दुसरा आकडा

चौदा महिन्यांची मुलगी. तिला आपण चिमी म्हणू. वजन ८ किलो, हिमोग्लोबिन ८.२. महिन्यापूर्वी मी तिला लोहाचे सिरप लिहून दिले होते, रोज एकदा ४ मिली. आज तिची आई पुन्हा समोर बसली होती आणि हातात नवा रिपोर्ट होता: ८.४. महिनाभर औषध घेऊन फक्त ०.२ ची वाढ.

“रोज देता ना, ताई?”

“एक दिवस चुकले नाही, डॉक्टर.” आवाजात थोडी नाराजी होती, आणि ती रास्त होती. औषध लागू पडले नाही की आम्ही डॉक्टर पहिला संशय आईवरच घेतो.

तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. लालसर, गोड वासाचे सिरप. फक्त मी लिहून दिलेले ते नव्हे. “दुकानात ते नव्हतं. दादा म्हणाले, हेही लोहाचंच आहे, तेवढंच द्या.” दादांचे अर्धे म्हणणे खरे होते. बाटलीत लोह होते. चूक होती ती ‘तेवढंच’ या शब्दात.

चिमीला किती लोह हवे, हा हिशेब वजनावरून का करतात ते आधी पाहू. मुलाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ७५ मिली रक्त असते. म्हणजे चिमीच्या अंगात ६०० मिली, अर्थात ६ डेसिलिटर. हिमोग्लोबिन ८.२ वरून ११.५ पर्यंत न्यायचे तर दर डेसिलिटरला ३.३ ग्रॅम वाढले पाहिजे. सहा डेसिलिटरला झाले सुमारे २० ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. गुणाकार केला की उत्तर येते ६७ मिलिग्रॅम.

एवढे लोह चिमीच्या रक्तात कमी आहे. आकडा ऐकून आई म्हणेल, एवढेच? मग एका दिवसात का नाही देऊन टाकत? कारण आतडे तेवढे आत घेत नाही. लोहाची भूक असलेले आतडेसुद्धा औषधातल्या लोहापैकी साधारण दहा टक्के, फार तर वीस टक्के शोषते. उरलेले शौचावाटे बाहेर पडते. लोहाचे औषध सुरू झाले की शी काळी होते ती यामुळेच, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. उलट महिनाभर औषध देऊनही शीचा रंग अजिबात बदललेला नसेल, तर मी बाटलीची चौकशी करतो.

उपचाराचा डोस म्हणून आज जो आकडा सर्वसाधारणपणे वापरतात तो आहे दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम लोह. आपल्याकडच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही सौम्य आणि मध्यम अ‍ॅनिमिया असलेल्या लहान मुलांसाठी हाच आकडा आहे. चिमीचा हिशेब मग सोपा: ८ गुणिले ३, म्हणजे रोज २४ मिलिग्रॅम. त्यातले दहा टक्के, सुमारे २.४ मिलिग्रॅम, रोज अंगात जाईल. ६७ मिलिग्रॅमची तूट भरायला साधारण चार आठवडे. पण मूल वाढते आहे, रक्तही वाढते आहे. नुसत्या वाढीसाठी रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम लोह लागते आणि त्यातले थोडेच जेवणातून मिळते. शिवाय यकृतातले रिकामे झालेले कोठारही भरायचे असते. म्हणून उपचार दोन ते तीन महिने, आणि पुष्कळदा त्याहून थोडा जास्त चालतो.

माझ्या शिक्षणाच्या काळात आम्ही किलोमागे ६ मिलिग्रॅमपर्यंत जात असू, तेही दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. आयांचे हाल होत, मुले ओकत आणि आठवड्याभरात औषध बंद पडे. २०१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या ८० मुलांना बारा आठवडे दिवसातून एकदाच, रात्री झोपताना, किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह दिले होते. ज्यांना फेरस सल्फेट मिळाले त्यांचे सरासरी हिमोग्लोबिन ७.९ वरून ११.९ वर गेले. दुसऱ्या गटाला तेवढेच लोह पॉलिसॅकराइडच्या रूपात दिले होते. त्यांची वाढ थोडी कमी झाली. डोस वाढवला तर काम लवकर होईल हा समज इथे आडवा येतो. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते, आणि ते काही तासांसाठी आतड्याचे दार अर्धवट लावून घेते. दुपारी आणि रात्री दिलेला पुढचा डोस त्या दारावर जाऊन आपटतो. पोट मात्र बिघडते.

आता मूळ प्रश्नाकडे. रोज २४ मिलिग्रॅम लोह म्हणजे बाटलीतून किती मिली?

लोह बाटलीत सुटे नसते, कुठल्या तरी क्षाराच्या रूपात असते. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अस्कॉर्बेट, फेरिक अमोनियम सायट्रेट ही सगळी क्षारांची नावे. क्षाराच्या वजनात लोहाशिवाय बरेच काही असते. हिवाळ्यात एक किलो मटार आणून सोलायला बसा. टरफलांची रास मोठी होते आणि दाणे वाटीभरच निघतात. उसळीचा अंदाज शेंगांच्या वजनावर बांधला तर पाहुणे उपाशी राहतील. औषधाच्या लेबलवर बहुधा पहिला, ठळक आकडा शेंगांचा असतो. दाण्यांचा आकडा त्याच्यामागे, बारीक अक्षरात.

प्रत्येक शेंगेत दाणे सारखे नसतात. फेरस फ्युमरेटमध्ये जवळपास ३३ टक्के लोह असते, म्हणजे १०० मिलिग्रॅम क्षारात ३३ मिलिग्रॅम. फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. फेरस सल्फेटची गंमत अशी, की एकाच नावाखाली त्याची दोन रूपे येतात. पहिल्यात प्रत्येक रेणूला पाण्याचे सात रेणू चिकटलेले असतात. हिशेब घालायचा तर लोहाचे वजन ५६, सल्फेटचे ९६, सात पाण्यांचे १२६, एकूण २७८. त्यातले ५६ म्हणजे २० टक्के. दुसरे रूप तापवून सुकवलेले असते, बरेचसे पाणी उडालेले, आणि त्यात लोह ३२ टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणून लेबलवर ‘फेरस सल्फेट’ लिहिले आहे की ‘ड्राइड फेरस सल्फेट’, हे बघावेच लागते. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० मिलिग्रॅम लोह असेल आणि दुसरीत ६५.

ही टक्केवारी पाठ करायची गरज वाचकाला नाही. बहुतेक चांगल्या लेबलांवर क्षाराच्या आकड्यानंतर ‘इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल आयर्न’ असे शब्द आणि पुढे आकडा असतो. एलिमेंटल आयर्न म्हणजे सोललेला दाणा, नुसते लोह. डॉक्टरांचा ३ मिलिग्रॅमचा नियम याच आकड्याशी बोलतो, दुसऱ्या कशाशी नाही. लेबलवर हे शब्द नसतील आणि फक्त क्षार दिला असेल, तरच वरच्या टक्क्यांचा आधार घ्यायचा, तोही औषध देणाऱ्याला विचारून.

मी चिमीला लिहून दिलेले सिरप फेरस अस्कॉर्बेटचे होते. त्याच्या लेबलवर सरळ लिहिलेले असते: प्रत्येक ५ मिलीत ३० मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न. तीस भागिले पाच, म्हणजे एका मिलीत ६ मिलिग्रॅम. हवे आहेत २४. चोवीस भागिले सहा, चार. म्हणून ४ मिली.

दुकानातून आलेली बाटली फेरिक अमोनियम सायट्रेटची होती. ठळक आकडा १६० मिलिग्रॅम. त्यापुढे बारीक अक्षरात ३२.८ मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न. आणि सगळ्यांच्या नजरेतून निसटणारी तिसरी गोष्ट, अगदी वरच्या ओळीत: प्रत्येक १५ मिलीमध्ये. पाच नव्हे, पंधरा. ३२.८ भागिले १५, म्हणजे एका मिलीत जेमतेम २.२ मिलिग्रॅम लोह. आईने इमानेइतबारे ४ मिली दिले आणि चिमीच्या पोटात रोज गेले पावणेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास. किलोमागे ३ नव्हे, १.१. त्यातले दहा टक्के शोषले गेले असे धरले तरी रोज एक मिलिग्रॅमदेखील आत गेले नाही, आणि जे गेले ते वाढत्या अंगाने खाऊन टाकले. तूट होती तिथेच राहिली. रिपोर्टमधले ८.४ हे या हिशेबाचे उत्तर होते.

याच बाटलीतून २४ मिलिग्रॅम द्यायचे तर ११ मिली द्यावे लागतील. एवढे गोड सिरप चौदा महिन्यांच्या मुलीला रोज पाजणे कठीण, शिवाय फेरिक रूपातले लोह फेरसइतके चांगले शोषलेही जात नाही. मी बाटली बदलली.

शेंगांचा आकडा दाण्यांचा समजून कोणी हिशेब केला असता तर काय झाले असते तेही पाहू. १६० भागिले १५, एका मिलीत १०.७, मग २४ साठी सव्वादोन मिली. कागदावर डोस बरोबर दिसला असता आणि मुलीला मिळाले असते पाच मिलिग्रॅमही नाही. अशी चूक मी चिठ्ठ्यांवर पाहिली आहे, आणि ती करणारे मूर्ख नव्हते. घाईत होते.

चूक उलट्या बाजूनेही होते, आणि ती जास्त भीतीदायक आहे. लोहाचे ड्रॉप्स सिरपपेक्षा घट्ट असतात. काहींमध्ये एका मिलीत १० मिलिग्रॅम लोह असते. सिरपचा ४ मिली हा डोस कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून दिला तर चिमीला ४० मिलिग्रॅम मिळतील. सरकारी सिरप त्याहून दुप्पट तीव्र. आशाताई किंवा अंगणवाडीतून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जी छोटी, ५० मिलीची बाटली मिळते, तिच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम लोह असते. ती प्रतिबंधासाठी आठवड्यातून दोनदा, एकेक मिली द्यायची असते. घरात ही बाटली असते, शेजारी डॉक्टरांची असते, आणि आजी दोन्हीतून ‘एक छोटा चमचा’ देते. छोटा चमचा ५ मिलीचा धरला तरी सरकारी बाटलीतून १०० मिलिग्रॅम झाले, चिमीच्या वजनाला किलोमागे साडेबारा. उपचार चालू असेल तेव्हा एकाच बाटलीतून लोह द्यायचे आणि दुसरी बाजूला ठेवायची. कुठली, ते डॉक्टरला दोन्ही बाटल्या दाखवून ठरवायचे.

चमच्याचे म्हणाल तर आपल्या घरात पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, साखरेच्या डब्यातला चमचा, सगळे वेगवेगळ्या मापाचे. त्यातल्या एकालाही मिलीची भाषा येत नाही. औषधाच्या दुकानात सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मिळते. तिच्यावरच्या ४ च्या रेषेपर्यंत औषध ओढायचे आणि गालाच्या आतल्या बाजूला, थोडे मागे, हळूहळू सोडायचे. यात माप अचूक होते आणि दातांवर काळे डागही कमी पडतात. पडले तरी ते वरवरचे असतात, कालांतराने जातात.

लोह रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते, खाण्याआधी तासभर किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. दूध आणि चहा यांच्यासोबत मात्र कधीच देऊ नये. चौदा महिन्यांच्या मुलांना आपल्याकडे बशीतून चहा चाखवायची हौस असते, म्हणून चहा मुद्दाम सांगितला. लिंबाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्याबरोबर दिले तर उत्तम. रिकाम्या पोटी मूल ओकत असेल तर थोडे खाल्ल्यावर द्यावे. पोटात टिकलेले थोडे कमी लोह हे ओकून टाकलेल्या लोहापेक्षा केव्हाही बरे.

हिशेब बरोबर असेल तर शरीर लवकर पावती देते. किरकिर एक-दोन दिवसांतच कमी होते, भूक सुधारते. आठवड्याभरात रक्तात नव्या, कोवळ्या लाल पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवे. तेवढे वाढले नाही तर डोस दुप्पट करणे हा उपाय नव्हे. आधी बाटली पाहायची. रोज ४ मिली म्हणजे महिन्याला १२० मिली. २०० मिलीच्या बाटलीत महिन्याअखेरीला १५० मिली उरले असेल, तर औषध दिले गेलेले नाही. आईला न रागावता कारण विचारायचे. बहुतेक वेळा ते ओकारी किंवा बद्धकोष्ठ असते. मग लेबल वाचायचे, चिमीचे वाचले तसे. मग दूध विचारायचे, कारण दिवसाला लिटरभर गाई-म्हशीचे दूध पिणारे मूल जेवत नाही, आणि ते दूध लोहाचे शोषणही अडवते.

हे सगळे ठीक असेल आणि तरीही आकडा हलत नसेल, तेव्हा निदानावरच शंका घ्यायची. प्रत्येक फिका चेहरा लोहाच्या कमतरतेचा नसतो. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या मुलाच्याही लाल पेशी लहान असतात आणि हिमोग्लोबिन थोडे कमी असते, पण त्याला लोह देऊन काही होत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचा विचार करावाच लागतो. आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, किंवा मूल धापा टाकत असेल, अंगावर सूज असेल, तर या लेखातला कुठलाच हिशेब घरी बसून करायचा नाही. ते मूल रुग्णालयात न्यायचे.

लोहाच्या बाटल्या गोड असतात आणि घरातले थोरले भावंड चार वर्षांचे असते. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून लोहाची विषबाधा दिसू लागते, ६० च्या पुढे जीव धोक्यात येतो. आठ किलोच्या मुलाला सरकारी सिरपचे ८ मिली पहिल्या रेषेपर्यंत नेतात. पूर्ण बाटलीत १००० मिलिग्रॅम असतात, म्हणजे किलोमागे १२५. आधी उलट्या आणि जुलाब होतात, कधी रक्ताचे. मग काही तास मूल बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात आणि त्यानंतर यकृत आणि रक्ताभिसरण कोसळते. मूल मधल्या वेळात हसत असले तरी बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठायचे. किती मिली कमी झाले आहे हे डॉक्टरला त्या बाटलीवरूनच कळते, आणि भागाकार तोच असतो.

चिमी पुढच्या महिन्यात आली तेव्हा हिमोग्लोबिन ९.९ होते आणि वजन ८.४ किलो. आठ दशांश चार गुणिले तीन, पंचवीस मिलिग्रॅम; नव्या बाटलीतून ४.२ मिली. सिरिंजवर ती रेष दाखवणे अवघड, म्हणून मी ४ वरच ठेवले. आईने आपणहून बाटली पुढे केली, तळाशी बोटभर सिरप उरले होते. मग लेबल माझ्याकडे फिरवले आणि बारीक अक्षरांवर नख ठेवून म्हणाली, “पाच मिलीत तीस. बघून घेतलंय दुकानातच.”